मुलाखतीची खोली: कॅमेरा, उजेड, चादर आणि नेट यांच्या नोंदी

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

मेल आली. गुरुवार २१ ऑगस्ट, सकाळी ११ वाजता, झूमवर, पाऊण तास. शेवटची वीस मिनिटं स्क्रीन शेअर करून कोड लिहायचा आहे. इंटर्नशिप सहा महिन्यांची, पूर्णपणे घरून. म्हणजे मी चिपळूण तालुक्यातल्या आमच्या घरात बसून काम करू शकते की नाही, हे ते त्या पाऊण तासातच बघणार.

घर जांभ्याचं आहे. वर कौलं, पुढच्या पडवीवर पत्रा. लॅपटॉप सहा वर्षांचा, त्यावर उबुंटू. राउटर माजघरात कपाटावर. इन्व्हर्टर नाही.

राखीपौर्णिमेला दादा पुण्याहून आलाय, म्हणून रात्री त्यालाच समोर बसवून पाच मिनिटं रेकॉर्डिंग केलं. पाहिल्यावर तो म्हणाला, "भुताटकी आहे. नवीन वेबकॅम घे." चित्र दाणेदार, डोळ्यांखाली काळे खड्डे, मी हात हलवला की मागे शेपूट राहतं, आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. वर चेहऱ्यावरून फिकट आडवे पट्टे सावकाश सरकत होते.

वेबकॅम घ्यायला हरकत नाही, पण आधी बिघाड कुठे आहे ते कळू दे. एक गोष्ट मात्र आत्ताच लिहून ठेवते. हे रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच केलं होतं, नेटचा त्यात संबंधच नव्हता. तरी ओठ मागे पडत होते. म्हणजे या एका गुन्ह्यातून नेट सुटलं.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी दहा वाजता तोच लॅपटॉप पडवीच्या खिडकीपाशी नेला. खिडकीकडे तोंड करून बसले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दाणे गेले, शेपूट गेलं, ओठ शब्दांबरोबर आले. कॅमेरा तोच.

दुपारी दादाला समजावताना मलाच नीट समजलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाच्या टोकाएवढा. उजेड कमी पडला की तो दोन गोष्टी करतो. एक, आलेला थोडासा सिग्नल फुगवतो, त्याचे दाणे दिसतात. दोन, प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाला ३० फ्रेम काढायच्या तर एका फ्रेमला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात भागत नाही म्हणून कॅमेरा गुपचूप १५ फ्रेमवर, कधी त्याहूनही खाली येतो. शेपूट आणि मागे पडणारे ओठ हे त्याचंच.

हे कॅमेऱ्याकडूनच वदवून घेता येतं. `v4l-utils` नावाचं पॅकेज टाकलं आणि विचारलं:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-ctrls
```

यादीत `exposure_dynamic_framerate` समोर १ होतं. म्हणजे अंधार पडला तर फ्रेम कमी करायला कॅमेऱ्याला परवानगी आहे. ती काढून घेतली:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_dynamic_framerate=0
```

रात्री ट्यूबलाइटखाली पुन्हा पाहिलं. हालचाल आता सरळ, पण चित्र काळवंडलं. साहजिकच आहे, फ्रेम वाचवल्या तर उजेड कुठून तरी आणावाच लागणार. तो कॅमेऱ्याच्या आत नाही, खोलीत आणायचा.

खिडकीवर भिस्त ठेवायची का, यावर बराच विचार केला. दहा वाजता सुंदर, सव्वादहाला ढग आला आणि खोली संध्याकाळसारखी झाली, साडेदहाला परत लख्ख. कॅमेरा दर वेळी डोळे किलकिले केल्यासारखा स्वतःला जुळवून घेतो आणि चेहरा उजळतो-मंदावतो. श्रावणातल्या उजेडाचा भरवसा नाही. शिवाय पडवीत बसलं की सर आल्यावर पत्र्याचा आवाज असा की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. पडवी बाद. माजघराला लागून असलेल्या आतल्या खोलीत बसायचं, खिडकी बंद करायची आणि उजेड आपला आपण करायचा.

मंगळवार, १२ ऑगस्ट

अख्खा दिवस दिव्यात गेला.

अभ्यासाचा टेबल लॅम्प होता, त्यात ९ वॉटचा बल्ब. सरळ तोंडावर मारला तर कपाळ आणि नाक तेलकट चमकायला लागलं आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक बल्ब. माझे डोळेच दिसेनात. दिवा लहान असला की सावली कडक पडते आणि चमक टोचते. तो मोठा करायचा, म्हणजे वॅट वाढवायचे नाहीत, ज्या पृष्ठभागावरून उजेड येतो तो मोठा करायचा.

माळ्यावर जुन्या मखराचा थर्माकोल पडून होता. २०१८च्या बंदीनंतर आम्ही मखर पुठ्ठ्याचं करतो, पण आई काहीही टाकून देत नाही. तीन फूट बाय दोन फुटांचा एक पांढरा तुकडा निघाला. तो लॅपटॉपच्या मागे डावीकडे, कपाटाला टेकवून, माझ्या डोक्याच्या थोडा वर येईल असा उभा केला. लॅम्पचं तोंड माझ्याकडून फिरवून थर्माकोलकडे केलं. आता चेहऱ्यावर येतो तो थर्माकोलवरून परतलेला उजेड. डोळ्यांखालचे खड्डे भरले, कारण उजेड आता वरून न येता समोरून येतोय.

पण परतलेला उजेड थेट उजेडापेक्षा पुष्कळ कमी असतो. थर्माकोल आधी माझ्यापासून चार फुटांवर होता, तेव्हा परत दाणे. दोन-अडीच फुटांवर ओढला, दाणे गेले. दिवा जवळ आणणं हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. उघडा बल्ब निम्म्या अंतरावर आणला तर उजेड चौपट होतो. थर्माकोलसारख्या मोठ्या तुकड्याला हिशेब इतका काटेकोर लागू होत नाही, पण दिशा तीच.

चष्म्यातला बल्ब गेला, त्याच्या जागी थर्माकोलचा फिकट चौकोन आला. तो घालवायला थर्माकोल आणखी वर आणि आणखी बाजूला सरकवला, आणि चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी दोरीभर वर उचलल्या. काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या वाटेतून निघून जातं. उरला स्क्रीनचा निळा चौकोन. स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणला आणि कोड लिहायच्या खिडकीला काळी थीम लावली. दिसतो अजून, पण डोळे झाकत नाही.

मधे एकदा छताची ट्यूब चालू राहिली आणि चेहऱ्याची एक बाजू हळद लावल्यासारखी, दुसरी निळसर दिसली. ट्यूब पांढरी, ६५०० केल्विनची. लॅम्पमधला बल्ब पिवळा, ३००० केल्विनचा. कॅमेरा दोघांपैकी एकालाच पांढरा मानू शकतो. लॅम्पमध्येही ६५००चा बल्ब बसवला आणि प्रश्न संपला. रंग कुठलाही चालतो, फक्त खोलीत दोन रंग नकोत.

राहिले ते सरकणारे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक फेऱ्यात वीज दोनदा शून्यावर येते, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, कारण तो चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वरून खाली टिपतो. काही ओळींच्या वाट्याला उजळ क्षण येतो, काहींच्या वाट्याला मंद. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद उघडं राहिलं तर प्रत्येक ओळीला पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. माझा कॅमेरा मात्र ६० हर्ट्झच्या हिशेबावर बसवलेला होता. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे ते बरोबर, आपल्याकडे चूक.

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c power_line_frequency=1
```

इथे १ म्हणजे ५० हर्ट्झ, २ म्हणजे ६०. एंटर दाबलं आणि पट्टे बघता बघता विरघळले. तीन दिवसांत याच क्षणी सगळ्यात जास्त आनंद झाला. (झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही हा पर्याय आहे, ते मला नंतर दिसलं.)

दोष बल्बचा आहे का, हे बघायची सोपी खूण: फोनचा कॅमेरा चालू करून बल्बच्या अगदी जवळ न्यायचा. स्क्रीनवर काळे पट्टे धावले तर बल्ब फडफडतोय. घरातले चार बल्ब तपासले, स्वस्तातले दोन वाईट निघाले. त्यातला एक आतापर्यंत लॅम्पमध्ये होता.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मागची बाजू. वाटलं होतं अर्ध्या तासात होईल.

पहिला प्रयोग झूमच्या व्हर्च्युअल बॅकग्राउंडचा. सहा वर्षांच्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू झाला, आणि मोकळे केस हलले की कानाजवळचा तुकडा गायब होऊन परत येत होता. कोड लिहिताना प्रोसेसर मोकळा हवा. बाद.

दुसरा प्रयोग मागच्या पांढऱ्या भिंतीचा. स्वच्छ दिसेल असं वाटलं, पण चेहरा काळा पडला. दिवा तोच, जागा तीच. भानगड अशी की कॅमेरा चित्राचा सरासरी उजेड मोजतो. चित्रात निम्मी पांढरी भिंत असेल तर त्याला वाटतं, फार उजेड आहे, कमी करू. भिंत मग राखाडी होते आणि माणूस सावळ्याचा काळा होतो. भिंतीला जाणीवपूर्वक कमी उजेड द्यायचा, किंवा मागे मध्यम रंगाचं काहीतरी टांगायचं.

आईने उत्साहाने सोलापुरी चादर काढून दिली. दोरीवर टांगली. दिसायला छानच, पण रेकॉर्डिंगमध्ये तिची नक्षी वळवळत होती. बारीक आणि दाट नक्षी कॅमेऱ्याच्या ठिपक्यांशी जमत नाही, आणि व्हिडिओ दाबून पाठवताना सगळी ताकद त्या नक्षीवरच खर्च होते. तेवढा माझा चेहरा चौकोनी चौकोनी होतो. शेवटी धुवून धुवून मऊ झालेली, राखट निळी, बिनरेघांची सुती चादर सापडली. इस्त्री केली, दोन टोकांना चिमटे आणि खालच्या काठाला आणखी चार चिमटे लावून वजन दिलं, म्हणजे चुण्या पडत नाहीत.

पहिल्यांदा चादरीला जवळजवळ टेकून बसले होते, तर मागे माझीच सावली उभी. खुर्ची पुढे ओढली, चादर आणि मी यांत साडेतीन फूट ठेवले. सावली खाली जमिनीकडे गेली. आई दारातून बघत होती. म्हणाली, "मुलाखत आहे की कांदेपोहे?"

कॅमेऱ्याची उंची: लॅपटॉप टेबलावर सरळ ठेवला तर समोरच्याला माझ्या नाकपुड्या आणि छताचे वासे दिसतात. खाली दोन पाट, वर डिक्शनरी. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. पण एवढ्या उंचीवर टाइप करायला हात उचलून धरावे लागतात, आणि प्रत्येक टकटकीला चित्र हलतं. काकांच्या दुकानातला जुना यूएसबी कीबोर्ड मागून आणला. कोड लिहायची मुलाखत नसती तर याची गरज नव्हती.

फोनचा मागचा कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरून पाहिला, ते इथेच नोंदवते. चित्र लॅपटॉपपेक्षा नक्कीच बरं येतं. पण पंचवीस मिनिटांत फोन तव्यासारखा तापला, आणि मधेच मावशीचा फोन आला तेव्हा चित्र थिजलं. उजेड नीट केल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक इतका राहिला नाही की ही जोखीम घ्यावी. लॅपटॉपचाच कॅमेरा ठेवला.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज नेट. गावात दहीहंडी, म्हणजे सगळ्यांचे फोन व्हिडिओ पाठवण्यात दंग. परीक्षेला चांगला दिवस.

प्लॅन ४० एमबीपीएसचा, गावच्या केबलवाल्याकडून. स्पीड टेस्टमध्ये खाली ३८, वर ३६. झूमच्या माहितीप्रमाणे दोघांच्या कॉलला ७२०पी चित्रासाठी दोन्ही दिशांना १.२ एमबीपीएस पुरतात. म्हणजे माझ्याकडे गरजेच्या तीसपट. तरीही पुण्याला गेलेल्या दादाशी कॉल लावला तर दर दोन मिनिटांनी माझा आवाज तुटत होता.

रस्ता किती रुंद आहे हे स्पीड टेस्ट सांगते. बोलण्याला लागतं ते वेगळंच: माहितीचं प्रत्येक लहानसं पाकीट वेळेवर, सारख्या अंतराने पोचणं. ते `ping` सांगतो. आणि बिघाड घरात आहे की घराबाहेर, हे कळायला दोनदा मोजायचं. आधी फक्त राउटरपर्यंत, मग बाहेर:

```
ping -c 100 192.168.1.1
ping -c 100 8.8.8.8
```

शेवटच्या ओळीत सरासरी असते आणि `mdev` असतं. `mdev` म्हणजे वेळ किती वर-खाली होतेय. आतल्या खोलीतून राउटरपर्यंतच सरासरी १९ मिलिसेकंद, `mdev` ४१, आणि शंभरातली तीन पाकिटं हरवलेली. राउटर पंधरा पावलांवर आहे! मधे जांभ्याची दीड फुटी भिंत, पावसाने भिजलेली. केबलवाल्याला शिव्या द्यायची तयारी केली होती, ती परत घेतली.

बाजारातून पंधरा मीटरची लॅन केबल आणली आणि दाराच्या चौकटीवरून फिरवून खोलीत घेतली. पुन्हा मोजलं: राउटरपर्यंत सरासरी १ मिलिसेकंदाच्या आत, बाहेर ८.८.८.८ पर्यंत २४, `mdev` ३, हरवलेलं पाकीट एकही नाही. दादा म्हणाला, "आता शेजारच्या खोलीतून बोलतेयस असं वाटतं."

संध्याकाळी मात्र पिंग एकाएकी ३८० वर गेला. शोधलं तर बाबांच्या फोनवरून राखीपौर्णिमेपासूनचे सगळे फोटो-व्हिडिओ बॅकअपला चालले होते. वर जाणारी वाट एकाने भरली की राउटर बाकीच्यांना रांगेत उभं करतो, आणि माझी बोलण्याची इवलीशी पाकिटं त्या रांगेच्या शेपटाला. बाबांचा बॅकअप थांबवला, पिंग २४. गुरुवारी साडेदहा ते बारा घरातल्या सगळ्या फोनांचं वाय-फाय बंद, असा फतवा काढलाय.

सोमवार, १८ ऑगस्ट

पहाटेपासून धो धो. नऊ वाजता लाइट गेली. चला, तालीमच झाली.

मामांकडून राउटरचा छोटा यूपीएस आणून ठेवला होता, १२ व्होल्टचा, राउटरच्या अॅडॉप्टरवर लिहिलंय तेवढाच. तो जोडलेला होता, राउटर चालू राहिला, दिवे लुकलुकत होते. नेट मात्र नाही. फायबरच्या डब्यावर `LOS`चा लाल दिवा. म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीये.

पाऊस ओसरल्यावर वायरीचा माग काढत गेले. आमची फायबर नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवरच्या पेटीत जाते. त्या पेटीतला स्विच दुकानाच्या विजेवर चालतो, आणि दुकान आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर. केबलवाल्याच्या माणसाला विचारलं. "पेटीत बॅटरी होती ताई, ती मागच्या वर्षीच गेली." दुकानातली लाइट आहे तोवर आमचं नेट, माझ्या यूपीएसला तिथे कोण विचारतो.

म्हणजे पर्याय मोबाइलचाच. बाबांचा फोन, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून टिदरिंग. वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा हे बरं, फोन चार्जही होत राहतो. आतल्या खोलीत रेंजची एकच दांडी, खिडकीच्या कठड्यावर तीन. दोन मीटरची यूएसबी केबल घेऊन फोन कठड्यावर ठेवला. पिंग ६५, `mdev` १८. बोलायला पुरे. डेटाचा हिशेब: वर १.२, खाली १.२, तासाला साधारण १.१ जीबी. बाबांचा पॅक रोज दीड जीबीचा, संपला की स्पीड ६४ केबीपीएस. गुरुवारी सकाळी बाबांनी भजनाचे व्हिडिओ पाहायचे नाहीत, हे आजच सांगून टाकलं.

आणि मग ती गंमत झाली, जिच्यासाठी ही नोंद इतकी लांबली. लॅन केबल आणि फोन दोन्ही जोडून ठेवले, दादाशी कॉल चालू. फायबर नसताना लॅपटॉप आपोआप फोनवर जाईल असं धरून चालले होते. गेला नाही. मिनिटभर "कनेक्टिंग". कारण यूपीएसमुळे राउटर जिवंत होता! लॅपटॉपच्या दृष्टीने लॅनची वायर ठणठणीत आहे, तिच्या पलीकडे जग संपलंय हे त्याला कळत नाही, निदान लवकर कळत नाही. तो बापडा सगळं त्या बंद वाटेनेच पाठवत राहतो.

यूपीएस काढून टाकला आणि राउटरचं बटण बंद करून लाइट गेल्याचं नाटक केलं. राउटर मेला, लॅनची जोडणी तुटली, लॅपटॉपने तत्काळ फोनची वाट धरली. नऊ सेकंदांत दादाचा आवाज परत, आणखी चार-पाच सेकंदांत चित्र. पाच वेळा करून पाहिलं, आठ ते बारा सेकंदांच्या बाहेर एकदाही गेलं नाही.

यूपीएस मामांना परत.

बुधवार, २० ऑगस्ट

सकाळी अकराला पूर्ण तालीम, उद्याच्याच वेळेला. दादा पलीकडे मुलाखतकार झाला आणि फारच खवचट प्रश्न विचारले.

कॉल लागताच "कॅमेरा सापडत नाही". उजेड तपासायला कॅमेऱ्याचं दुसरं अॅप उघडलं होतं, त्याने कॅमेरा धरून ठेवला होता. ते बंद केलं, झालं. उद्या झूमशिवाय काही उघडायचं नाही.

स्क्रीनवरचं दादाचं चित्र लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवलं. आधी ते कोपऱ्यात होतं आणि तो म्हणाला की मी सारखी भिंतीवरच्या पालीकडे बघितल्यासारखी बघतेय.

लाइट गेली तर लॅम्पही जाणार, याचा विचार आधी सुचलाच नव्हता. लॅम्पमध्ये इन्व्हर्टर बल्ब बसवला, आत बॅटरी असलेला. तो होल्डरमधून काढून हातात धरला की बोटांमधूनही पेटतो, शेजारची पोरं त्याच्यावर बेहद्द खूश आहेत. लाइट नसताना तो मंद होतो, म्हणून तेव्हा लॅम्प थर्माकोलच्या आणखी जवळ ओढायचा. जागा खडूने जमिनीवर आखून ठेवली: एक रेघ लाइट असताना, एक नसताना.

ज्यांनी मेल पाठवली त्यांना फोन नंबर कळवला आणि लिहिलं की इकडे पाऊस आहे, कॉल तुटल्यास मिनिटभरात परत येईन.

गुरुवार, २१ ऑगस्ट

१०:३५. लॅपटॉप मुद्दाम रिस्टार्ट केला, ताजा राहावा म्हणून. १०:४५ला झूमच्या प्रीव्ह्यूत चेहऱ्यावर पट्टे! कॅमेऱ्याची सेटिंग रिस्टार्टला पुसली जाते, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. दोन्ही ओळी परत टाइप केल्या, हात थरथरत होते. आता त्या एका फाइलमध्ये आहेत.

११:०० सुरू. दोघंजण होते. पहिली वीस मिनिटं प्रोजेक्टबद्दल. बाहेर सर आली, पण आतल्या खोलीत आवाज सौम्य. त्यांनी पावसाबद्दल विचारलं, मी हो म्हटलं.

११:२७. कोड लिहायला सुरुवात करून तीन मिनिटं झाली आणि लाइट गेली. बल्ब मंदावला. त्यांची चित्रं थिजली. मी काहीच केलं नाही, करायचं काही नव्हतंच. मनात आकडे मोजले. दहाला आवाज आला, "... हॅलो, ऐकू येतंय?" मी म्हटलं, लाइट गेली होती, आता मोबाइल नेटवर आहे. पायाने लॅम्प दुसऱ्या रेघेपर्यंत ढकलला. स्क्रीन शेअर तुटली नव्हती. त्यांच्याकडे चित्र थोडं धूसर दिसत असणार, कोडची अक्षरं मात्र वाचता येत होती, कारण त्यांनी लगेच माझ्या लूपमधली चूक दाखवली.

ती चूक खरीच होती. सुधारली.

११:५२ला संपलं. लाइट आली १२:१०ला. बाबांच्या फोनवर दीड जीबीतले साधारण ५०० एमबी गेले होते.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

उत्तर पुढच्या आठवड्यात, म्हणजे बहुधा चतुर्थीनंतरच. दादा बुधवारच्या गणपतीला परत येतोय. निळी चादर धुवून घडी केली. थर्माकोल माळ्यावर. लॅन केबल मात्र चौकटीवर तशीच ठेवलीय, आईने आज तिच्यावर पंचा वाळत घातला.